‘ला’ म्हणजे ‘टू’ नव्हे : विभक्तीचा इंग्रजी तक्ता फाडून टाकण्याविषयी

मराठी मुलखाबाहेरच्या मराठी मुलांना मराठी कशी शिकवली जाते, हे पाहिले की एक तक्ता हमखास समोर येतो. डाव्या बाजूला प्रत्यय आणि उजव्या बाजूला त्याचा इंग्रजी ‘अर्थ’. ‘ला’ म्हणजे ‘टू’, ‘ने’ म्हणजे ‘बाय’, ‘हून’ म्हणजे ‘फ्रॉम’, ‘चा’ म्हणजे ‘ऑफ’, ‘त’ म्हणजे ‘इन’. तक्ता शिकवणारा वर आणखी एक वाक्य जोडतो : इंग्रजीत हे शब्द नामाच्या आधी येतात, मराठीत तेच नामाच्या शेवटी चिकटतात, एवढाच फरक. मुलाला इंग्रजी येत असते, त्यामुळे त्याला हे पटकन पटते. पालकही समाधानी होतात.

आमचे म्हणणे असे की हा तक्ता अपुरा नाही, तो चुकीचा आहे. ज्या एका कामासाठी विभक्ती मुख्यत्वे वापरली जाते, नेमक्या त्याच कामात तो फसतो. कोणी केले आणि कोणावर केले, हे सांगणे हे ते काम. इंग्रजी हे काम नामाआधीच्या त्या छोट्या शब्दांकडे सोपवतच नाही. मग त्या शब्दांच्या आधारे मराठीची विभक्ती समजणार कशी?

एक साधे वाक्य घेऊ. वाघाने माणसाला मारले. यातले तीन शब्द सहा प्रकारे मांडता येतात. माणसाला वाघाने मारले, मारले वाघाने माणसाला, मारले माणसाला वाघाने, असे कसेही फिरवा. भर बदलेल, सूर बदलेल. मेला तो माणूसच. आता तेच इंग्रजीत म्हणा : ‘द टायगर किल्ड द मॅन’. या वाक्यात ‘टू’ कुठे आहे? ‘बाय’ कुठे आहे? दोन्ही नाहीत. ‘टायगर’ आणि ‘मॅन’ यांची जागा बदलली की मारणारा माणूस होतो आणि मरणारा वाघ. इंग्रजीत कर्ता कोण आणि कर्म कोण, हे क्रियापदाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या जागेवरून कळते. तक्त्यावर विसंबून मुलाने मराठी वाक्याचा शब्दशः इंग्रजी अर्थ लावला, तर त्याच्या हाती ‘बाय द टायगर, टू द मॅन, किल्ड’ असे काहीतरी येईल, आणि ते कोणत्याच भाषेतले वाक्य नसेल.

इंग्रजी नेहमीच अशी नव्हती. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना आणि त्यांच्या आधीच्या दर्शक शब्दांना विभक्तीची रूपे होती, त्यामुळे शब्दांचा क्रम पुष्कळच मोकळा होता. पुढे शब्दांतली शेवटची, आघात नसलेली अक्षरे झिजली, रूपे एकमेकांत मिसळली आणि विभक्तीची कामे वाटली गेली. देणे, संबंध, साधन, स्थान ही कामे बऱ्याच अंशी नामाआधीच्या शब्दांकडे गेली. कर्ता आणि कर्म ओळखण्याचे काम मात्र जागेकडे गेले. जुन्या व्यवस्थेचे अवशेष ‘ही’ आणि ‘हिम’, ‘हू’ आणि ‘हूम’ अशा सर्वनामांत उरले आहेत. तक्ता करणाऱ्याने या वाटणीतला पहिला भाग पाहिला आणि दुसरा सोडून दिला.

कोणी म्हणेल, नामाआधीचे शब्द कर्म दाखवूच शकत नाहीत असे थोडेच आहे? ते खरे आहे. स्पॅनिश भाषेत कर्म माणूस असेल तर त्याच्या आधी ‘आ’ हा शब्द येतो. वस्तू असेल तर सहसा येत नाही. आपल्या ‘ला’शी त्याचे चांगलेच साम्य आहे. म्हणजे प्रत्यय शेवटी की शब्द आधी, हा मूळ प्रश्न नाही. कोणती खूण कोणते काम करते, हा मूळ प्रश्न आहे. आणि तो तक्ता विचारतच नाही.

‘ने’ची गोष्ट

‘ने’ म्हणजे ‘बाय’ हे समीकरण तपासू. ‘सुरीने कापले’ यात इंग्रजीला ‘विथ’ लागेल. ‘बसने आलो’ यात ‘बाय’ चालेल. ‘वाघाने मारले’ यात काहीच लागणार नाही. इंग्रजी कर्मणी रचनेत जो ‘बाय’ येतो, त्याला मराठीत जवळचा शब्द ‘कडून’ : माणूस वाघाकडून मारला गेला. तेव्हा तीन ठिकाणी तीन वेगळी उत्तरे आली, आणि तक्त्यातले उत्तर त्यांपैकी एकाच, सर्वांत कमी महत्त्वाच्या जागी लागू पडले.

हा ‘ने’ कर्त्याला लागतो तोही सरसकट नाही. वाघ माणसाला मारतो, वाघ माणसाला मारील : इथे वाघ कोराच आहे. वाघाने मारले, वाघाने मारावे : इथे ‘ने’ आला. वाघ आला : इथे भूतकाळ असूनही ‘ने’ नाही, कारण येण्याला कर्म नाही. शिवाय ‘तो मराठी शिकला’, ‘ती नाव विसरली’ अशी काही क्रियापदे कर्म घेऊनही कर्त्याला ‘ने’ लावत नाहीत. ती मोजकी आहेत आणि सवयीने येतात. एवढे चार मुद्दे मुलाला सांगितले की ‘त्याने घरी गेला’ अशी वाक्ये थांबतात. ‘बाय’ शिकवून ती कधीच थांबणार नाहीत, कारण इंग्रजीतला ‘बाय’ काळ पाहत नाही आणि क्रियापदाला कर्म आहे की नाही हेही पाहत नाही.

आता क्रियापदाकडे पाहा. सीतेने आंबा खाल्ला, सीतेने पोळी खाल्ली, सीतेने फळ खाल्ले. क्रियापद सीतेकडे पाहतच नाही. कर्त्याला ‘ने’ लागला की क्रियापद त्याची साथ सोडते आणि कोऱ्या राहिलेल्या कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. कर्मालाही ‘ला’ लागला तर त्याचीही साथ सोडते आणि नपुंसकलिंगी एकवचनात उभे राहते : रामाने सीतेला पाहिले. शाळेत हेच आपण कर्मणी आणि भावे प्रयोग म्हणून पाठ करतो, पण विभक्तीचा धडा वेगळा आणि प्रयोगाचा धडा वेगळा ठेवतो. खरे तर हा एकच धडा आहे. नाम खूण घेऊन उभे असेल तर क्रियापदाला त्याच्याशी जुळण्याची गरज नसते. ते कोरे असेल तर क्रियापद त्याची खूण स्वतःवर वागवते. कोणी कोणाला काय केले, हे नामाचा शेवट आणि क्रियापदाचा शेवट मिळून सांगतात.

हे जोडकाम किती नेटके आहे, ते मांजर आणि उंदीर यांच्यावरून दिसेल. ‘मांजर उंदीर खाते’ यात दोन्ही नामे कोरी आहेत, तरी क्रियापद नपुंसकलिंगी आहे म्हणून खाणारे मांजरच. ‘उंदीर मांजर खाते’ असे उलटे म्हटले तरी खाणारे मांजरच. पण ‘साप बेडूक गिळतो’ या वाक्यात दोन्ही नामे पुल्लिंगी, एकवचनी आणि कोरी. इथे क्रियापद मदत करू शकत नाही. मग मराठीलाही जागेचा आधार घ्यावा लागतो, नाहीतर ‘बेडकाला’ म्हणावे लागते. मराठीत शब्दक्रम पूर्णपणे मोकळा आहे, असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी हे वाक्य जवळ ठेवावे. मोकळीक फुकट मिळत नाही. जिथे खूण आहे तिथेच ती आहे.

‘ला’ची गोष्ट

‘ला’ म्हणजे ‘टू’ हे समीकरण आणखी दुबळे आहे. मी पुस्तक वाचले. ‘पुस्तकाला वाचले’ नव्हे. मी मुलाला बोलावले. ‘मूल बोलावले’ नव्हे. दोन्ही ठिकाणी कर्मच आहे, आणि दोन्ही ठिकाणी इंग्रजीला ‘टू’ लागत नाही. कर्म सजीव आहे का, आणि विशेषतः ते ठरावीक, ओळखीचे माणूस आहे का, हे मराठी पाहते आणि त्यावरून ‘ला’ लावायचा की नाही हे ठरवते.

ही निवड केवळ नियमाची नाही, अर्थाची आहे. ‘आम्ही काल मुलगी पाहिली’ असे घरात कोणी म्हणाले, तर ऐकणारा लगेच विचारतो, स्थळ कसे आहे? ‘आम्ही काल मुलीला पाहिले’ असे म्हटले, तर तो विचारतो, कुठे भेटली? पहिल्या वाक्यात मुलगी कोरी आहे. ‘मुलगी पाहणे’ हा सगळा मिळून एक व्यवहार झाला आहे. दुसऱ्या वाक्यात ती मुलगी एक ठरावीक व्यक्ती म्हणून उभी आहे. या दोन वाक्यांतला फरक एका ‘ला’वर तोललेला आहे. आमच्या मुलांना तक्ता पाठ असूनही हा फरक कळत नसेल, तर दोष मुलांचा नव्हे.

त्याच ‘ला’चे दुसरे काम याहून निराळे. मला भूक लागली. मला हे आवडत नाही. मला बेळगावला जायचे आहे. इथे ‘मी’ काही घेणारा नाही आणि कोणी माझ्यावर काही करतही नाही. जे घडते ते माझ्या ठिकाणी घडते, एवढेच ‘ला’ सांगतो. इंग्रजी इथे सरळ ‘आय’ वापरते, भुकेचा कर्ता असल्यासारखी. इंग्रजीच्या तक्त्यात या वाक्यांना घर नाही, म्हणून तक्ते त्यांना ‘अपवाद’ म्हणतात. रोजच्या बोलण्यात दर चौथ्या वाक्याला येणारी रचना अपवाद कशी?

शेजारचा आरसा

इथे आमच्या सीमेवरच्या वाचकांच्या हाती एक साधन आहे, जे पुण्यामुंबईच्या मुलाकडे नाही. आपल्या शेजारच्या भाषा या बाबतीत इंग्रजीपेक्षा मराठीच्या किती तरी जवळ आहेत. बेळगावचे मूल शाळेत ‘ननगे’ म्हणते, हैदराबादचे ‘नाकु’, बडोद्याचे ‘मने’, इंदूर-ग्वाल्हेरचे ‘मुझे’. भूक लागली हे सांगताना यांतली प्रत्येक भाषा ‘मी’ असे न म्हणता ‘मला’ असेच म्हणते. मुलाला ‘टू’ कशाला शिकवायचा? ‘ननगे’ जिथे येते तिथे ‘मला’, एवढे सांगितले तर ते क्षणात समजेल. कन्नडमध्येही निर्जीव कर्माला प्रत्यय न लावता बोलतात आणि माणसाला लावतात. तेव्हा ‘पुस्तक वाचले’ आणि ‘मुलाला बोलावले’ यांतला भेद बेळगावच्या मुलाला नवा नाही.

आरशात जिथे प्रतिबिंब वेगळे दिसते, तेही शिकण्यासारखे आहे. बडोद्यात एक सापळा आहे : गुजरातीत ‘सीताने’ म्हणजे सीतेला. तिथला ‘ने’ कर्माचा, आपला ‘ने’ कर्त्याचा. ‘रामे सीताने जोई’ या गुजराती वाक्यात कर्माला प्रत्यय लागूनही क्रियापद सीतेप्रमाणे स्त्रीलिंगी राहते. आपले ‘पाहिले’ नपुंसक होते. हिंदीत ‘मैंने’ म्हणतात, म्हणून ग्वाल्हेरच्या मुलाला मराठीतल्या कोऱ्या ‘मी’चे नवल वाटते. पण गोव्याच्या वाचकाला विचारा. कोकणीत ‘हांव’ हा कर्ता अशा वाक्यात ‘हांवें’ होतो : हांवें काम केलें. मराठीतही पूर्वी ‘म्यां’ आणि ‘त्वां’ अशी रूपे होती. आज ती बोलण्यातून गेली आणि ‘मी’, ‘तू’ कोरे उरले.

ते कोरे उरल्याने काय झाले, तेही पाहावे. ‘तू पोळी खाल्लीस’ या वाक्यातले क्रियापद दोघांची खूण वागवते : ‘ली’ पोळीची, ‘स’ तुझा. मोरो केशव दामले यांनी 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ज्या संकर प्रयोगांची चर्चा केली आहे, त्यांतला हा एक. मात्र ‘मी पोळी खाल्ली’ यात ‘मी’ची खूण ना नामावर आहे ना क्रियापदावर. आणि आमच्या सीमाभागातला माणूस काय म्हणतो? ‘मी काम केलो.’ या वाक्याला हसणारे पुष्कळ आहेत. आम्हांला त्यात अडाणीपणा दिसत नाही, व्यवस्था दिसते. कन्नडमध्ये ‘नानु केलस माडिदे’ म्हणतात. तिथे कर्त्याला कोणत्याही काळात ‘ने’सारखा प्रत्यय नसतो आणि क्रियापद नेहमी कर्त्याशी जुळते. प्रमाण मराठीत ‘मी’ कोराच आहे. कोऱ्या नामाशी क्रियापद जुळावे, ही मराठीचीच रीत. सीमेवरच्या बोलीने ती रीत कन्नडच्या सोबतीने शेवटपर्यंत नेली, असे आम्हांला वाटते. शाळेत ‘मी काम केले’ शिकवा, जरूर शिकवा. पण ‘केलो’ म्हणणाऱ्या मुलाला व्याकरण नाही असे म्हणू नका. त्याच्याजवळ दोन व्याकरणे आहेत.

आठ खणांचे कपाट

इंग्रजी तक्त्यावर टीका करताना आमच्या घरातल्या तक्त्याला आम्ही सोडणार नाही. प्रथमा ते संबोधन हे आठ खण संस्कृतच्या नमुन्यावर आखलेले आहेत. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली आपले व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हापासून शालेय मराठी त्याच वाटेने चालत आली. त्या तक्त्यात द्वितीयेला ‘स, ला, ते’ आणि चतुर्थीलाही ‘स, ला, ते’. प्रत्यय तेच, तर विभक्ती दोन कशा? उत्तर असे देतात की अर्थ वेगळा आहे. पण अर्थाचे खण म्हणजे कारके, आणि रूपाचे खण म्हणजे विभक्ती. पाणिनीने हे दोन हिशेब वेगळे ठेवले होते : त्याच्याकडे तृतीया ही कर्त्यालाही लागते आणि साधनालाही, तरी कर्ता आणि साधन ही कारके दोनच राहतात. आपण पाणिनीचे कपाट घेतले आणि त्याचा हिशेब विसरलो.

मराठी रूपांचा खरा हिशेब दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी सामान्यरूपाची : घर – घरा, माणूस – माणसा, उंदीर – उंदरा, घोडा – घोड्या, सीता – सीते. नामाने हे रूप घेतले की ते आता कोरे नाही, पुढे काहीतरी येणार आहे, हे ऐकणाऱ्याला कळते. पुल्लिंगी नामांचे ‘आ’कारान्त सामान्यरूप प्राकृतातल्या षष्ठीपासून आले, असे ज्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषापंडिताने दाखवले आहे, म्हणजे जुन्या विभक्तीच्या झिजलेल्या खुंटावर नवे प्रत्यय उगवले. दुसरी पायरी त्या प्रत्ययांची : ला, ने, चा, त, हून. आणि याच सामान्यरूपाला ‘वर’, ‘साठी’, ‘खाली’, ‘कडून’ ही शब्दयोगी अव्ययेही लागतात : घरावर, घरासाठी, घराखाली. इंग्रजीतल्या नामाआधीच्या शब्दांचे खरे भाईबंद हे आहेत. ‘ऑन’, ‘फॉर’, ‘अंडर’ यांची जोडी यांच्याशी लावा, ती बरीच जुळेल. ‘ने’ आणि ‘ला’ यांना मात्र त्या रांगेत बसवू नका.

शिक्षकांनी आणि पालकांनी एवढेच करावे. मुलाला तक्ता न देता दहा वाक्ये द्यावीत आणि प्रत्येकाबाबत तीन गोष्टी विचाराव्यात. कोणते नाम कोरे आहे? कोणत्या नामाला खूण लागली आहे? क्रियापद कोणाशी जुळले आहे? ‘मुलाने पोळी खाल्ली’, ‘मुलगा पोळी खातो’, ‘मुलाने कुत्र्याला मारले’, ‘मुलाला पोळी आवडते’ या चार वाक्यांपासून सुरुवात करावी. पहिल्यात क्रियापद पोळीशी, दुसऱ्यात मुलाशी, तिसऱ्यात कोणाशीच नाही, आणि चौथ्यात पुन्हा पोळीशी जुळते, जरी आवड मुलाची असली तरी. पोळीच्या जागी आंबा घालून पाहावे. पहिल्यात ‘खाल्ला’ येईल, चौथ्यात ‘आवडतो’, आणि दुसरे वाक्य जागचे हलणार नाही. मग तीच चार वाक्ये मुलाकडून कन्नडमध्ये, गुजरातीत, तेलुगूत किंवा हिंदीत म्हणवून घ्यावीत आणि कुठे काय बदलले ते त्यालाच सांगू द्यावे. इंग्रजीत सर्वांत शेवटी. आणि तिथे ‘टू’ शोधायला न सांगता विचारावे, की शब्दांच्या जागा बदलल्या तर कोण कोणाला खाईल?